विकणारा 'हॅलिडे' म्हणतो, शोधणारा 'ऑप्टिक्स' म्हणतो

हॉस्टेलमध्ये असताना जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींची यादी सांभाळायचं काम दोन वर्षं माझ्याकडे होतं. ज्याला पुस्तक विकायचं असेल त्याने दोन-चार ओळी लिहून द्यायच्या, मी त्या कॉम्प्युटरवरच्या यादीत चढवायच्या, आणि ज्याला हवं असेल त्याने शोधाच्या चौकटीत शब्द टाकून पाहायचं, एवढीच व्यवस्था. एका सेमिस्टरच्या सुरुवातीला एक ज्युनियर मुलगी तीन आठवडे 'वेव्हज अँड ऑप्टिक्स'चं पुस्तक शोधत होती. चौकटीत रोज तेच टाकायची आणि रोज उत्तर यायचं, काही सापडलं नाही. त्याच यादीत पहिल्या दिवसापासून एक जाहिरात पडून होती: 'हॅलिडे विकणे आहे. कंडिशन उत्तम.' तिला हवं होतं ते पुस्तक हेच होतं.

चूक दोघांचीही नव्हती. विकणाऱ्याने ते पुस्तक दोन वर्षं वापरलेलं, त्यामुळे त्याच्या तोंडी लेखकाचं नाव बसलेलं. तिने पुस्तक अजून पाहिलेलंच नव्हतं, तिच्या हातात होतं फक्त टाइमटेबल, आणि टाइमटेबलवर पुस्तकाचं नाव नसतं, कोर्सचं असतं. पाठ्यपुस्तकाची जाहिरात लिहिताना सगळी अडचण इथून सुरू होते. कादंबरी घेणारा नाव ठाऊक असूनच येतो. पाठ्यपुस्तक घेणारा बहुतेक वेळा विषय घेऊन येतो.

शोधाची चौकट आतून काय करते ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, अमुक शब्द अमुक पानांवर, तशीच सूची यंत्र सगळ्या जाहिरातींची करून ठेवतं. जाहिरातीतलं वाक्य फोडून त्याचे सुटे शब्द करतं आणि प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या जाहिरातींत आहे ते टिपतं. तुम्ही 'ऑप्टिक्स' टाकलंत की सूचीत 'ऑप्टिक्स'पुढे ज्या जाहिराती असतील त्या समोर येतात. मोठ्या साइटवरचे शोध समानार्थी शब्द आणि स्पेलिंगच्या चुका बऱ्याच सांभाळून घेतात. लहान याद्यांमध्ये मात्र एवढाच कारभार असतो. हॅलिडेच्या पुस्तकात ऑप्टिक्सवर चार प्रकरणं आहेत हे तुम्हाला माहीत आहे, सूचीला नाही. जाहिरातीत शब्द नसेल तर पुस्तक नाही. फोटोत मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नावही अशा यादीला वाचता येत नाही. फोटो म्हणजे तिच्या लेखी कोरा कागद.

शब्द फोडायची रीतही साधी असते, जागा किंवा विरामचिन्ह दिसलं की तोड. म्हणून `PHY 101` हे तिच्या दृष्टीने दोन शब्द होतात आणि `PHY101` हा एकच. एकाने पहिल्या तऱ्हेने लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं तर साध्या यादीत गाठ पडत नाही. आकड्यांचं तेच. आपल्याला '१०१' आणि `101` एकच वाटतात, पण कॉम्प्युटरमध्ये देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही दोन वेगळी अक्षरं आहेत. 'फिजिक्स', 'भौतिकशास्त्र' आणि `Physics` ही तर सरळ तीन वेगळी नावंच. यावर उपाय कष्टाचा नाही. कोर्सचा कोड दोन्ही तऱ्हांनी लिहावा आणि विषयाचं नाव दोन्ही लिप्यांत. डोळ्यांना ते जरा बेंगरूळ दिसतं, पण जाहिरात म्हणजे निबंध नव्हे.

आता कोर्सचं नाव म्हणजे नेमकं कोणतं? एकाच कोर्सची निदान तीन नावं असतात. कागदावरचा कोड, सिलॅबसमधलं लांबलचक अधिकृत नाव, आणि मुलांच्या तोंडचं नाव. अधिकृत नाव 'दोलन, तरंग आणि प्रकाशविज्ञान' असलं तरी बोलताना ते 'ऑप्टिक्स' होतं. तिन्ही लिहावीत. शिवाय कोर्सला ते पुस्तक कुठल्या वर्षी लावलेलं होतं तेही लिहावं, कारण शिक्षक बदलले की पुस्तक बदलतं आणि कोर्सचा कोड मात्र तसाच राहतो. 'अमुक वर्षी या कोर्सला हे पुस्तक होतं' हे वाक्य खरं आहे. 'या कोर्सचं पुस्तक' एवढंच लिहिलंत तर ते पुढच्या वर्षी खोटं ठरू शकतं.

इथे काहींना भलताच हुरूप येतो आणि जाहिरातीत विभागातले सगळे कोर्स ओततात. मी यादी सांभाळायचो तेव्हा एका महाशयांनी गणिताच्या एका पुस्तकाखाली अकरा कोर्स लिहिले होते. पुस्तक सगळ्यांना सापडलं आणि कोणीच घेतलं नाही. येणारा प्रत्येक जण पाहायचा की आपल्या कामाची त्यात जेमतेम वीस पानं आहेत. कोर्सचं नाव लिहायचं तर त्याच्यासमोर प्रकरणांचे आकडे लिहावेत. आकडे लिहिता येत नसतील तर तो कोर्स जाहिरातीत नको. ही एक अट पाळली तरी यादीतला निम्मा कचरा कमी होतो, हा माझा अनुभव.

त्या हॅलिडेचंच उदाहरण घेऊन हे करून पाहू. 'फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स' या पुस्तकाच्या दहाव्या आवृत्तीत, आणि तीही 'एक्स्टेंडेड' असेल तर, ४४ प्रकरणं आहेत. दोलन आणि तरंग १५ ते १७ या प्रकरणांत, उष्णता १८ ते २० मध्ये, वीज आणि चुंबकत्व २१ ते ३२ मध्ये. विद्युतचुंबकीय लहरी ३३ मध्ये आणि प्रकाश ३४ ते ३६ मध्ये. ३७ व्या प्रकरणात सापेक्षता आणि ३८ पासून पुढे पुंज, अणू, अणुकेंद्र. म्हणजे एकच जाडजूड पुस्तक चार-पाच कोर्सना पुरतं, आणि 'ऑप्टिक्स' शोधणाऱ्या त्या मुलीला '१५ ते १७, ३३ ते ३६' एवढं वाचूनच कळलं असतं की हे आपलं.

'एक्स्टेंडेड' या शब्दावर मी मुद्दाम थांबतो. त्याच पुस्तकाचं साधं रूपही मिळतं, त्यात शेवटची आधुनिक भौतिकीची प्रकरणं नसतात. मुखपृष्ठ जवळजवळ सारखं, लेखक तेच, आवृत्तीचा आकडा तोच. मॉडर्न फिजिक्सच्या कोर्ससाठी साधं रूप घेऊन गेलेल्या मुलाला ३८ वं प्रकरण शोधताना कळतं की पुस्तक संपलंय. अशीच गंमत दोन भागांत छापलेल्या पुस्तकांची. विकणारा 'फिजिक्स' लिहितो आणि हातात असतो फक्त पहिला खंड.

लेखकांच्या नावांत तर आणखी मोठा गोंधळ आहे. डेव्हिड हॅलिडे आणि रॉबर्ट रेस्निक यांचं पहिलं पुस्तक १९६० सालचं. त्यातून पुढे दोन वेगवेगळी पुस्तकं चालत राहिली. एक 'फंडामेंटल्स ऑफ फिजिक्स', ज्यावर पुढे जर्ल वॉकर यांचं नाव जोडलं गेलं. दुसरं नुसतं 'फिजिक्स', दोन खंडांत, ज्याच्या नव्या आवृत्त्यांवर केनेथ क्रेन यांचं नाव आहे. दोन्हीला मुलं 'रेस्निक-हॅलिडे' म्हणतात. दोन्हींची मांडणी आणि उदाहरणं वेगळी आहेत. तेव्हा पहिल्या दोन नावांनी काहीच ठरत नाही, ठरतं ते तिसऱ्या नावाने, आणि जाहिरातीत नेमकं तेच गाळलेलं असतं! नियम इतकाच की मुखपृष्ठावर जितकी आडनावं असतील तितकी सगळी लिहायची आणि शिवाय बोलण्यातलं टोपणनावही.

आवृत्तीबद्दल आता जरा सावकाश बोलू, कारण पुस्तक परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच.

आवृत्ती बदलली म्हणजे मजकूर बदलला. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला. दोन्हींची नोंद आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला, कॉपीराइटच्या पानावर असते. तिथे बऱ्याचदा तळाशी अशी एक विचित्र ओळ दिसते:

```
10 9 8 7 6 5 4 3 2 1
```

पहिलाच आकडा 10 पाहून कित्येक जण 'दहावी आवृत्ती' असं लिहून मोकळे होतात. या ओळीचा आवृत्तीशी काही संबंध नाही. ती छपाईची खूण आहे. प्रत्येक नव्या छपाईच्या वेळी एक आकडा काढून टाकतात आणि उरलेल्यांतला सगळ्यात लहान आकडा म्हणजे कितवी छपाई. वरची ओळ पहिल्या छपाईची. 1 आणि 2 गायब असतील तर तिसरी. आवृत्ती त्याच पानावर शब्दांत किंवा मुखपृष्ठावर वेगळी दिलेली असते. कॉपीराइटच्या सालावरूनही आवृत्ती ताडू नये. पाठ्यपुस्तकांवर पुष्कळदा पुढच्या वर्षाचं साल टाकलेलं असतं, म्हणजे पुस्तक दुकानात नवं दिसतं.

जुनी आवृत्ती म्हणजे रद्दी असं मात्र नाही. न्यूटनचे नियम दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात बदलत नाहीत. बदलतात ते प्रकरणाच्या शेवटच्या गणितांचे क्रमांक. शिक्षक फळ्यावर लिहितात, 'प्रकरण ५, गणितं १२, १८, ३१.' नव्या आवृत्तीत १८ वं असलेलं गणित जुन्यात २३ वं असतं, कधी त्यातले आकडे बदललेले असतात, कधी ते गणितच नसतं. मुलगा प्रामाणिकपणे भलतीच तीन गणितं सोडवून देतो. म्हणून जुनी आवृत्ती विकताना सरळ लिहावं: 'नवव्या आवृत्तीची प्रत. समजून घेण्यासाठी चालेल, गणितांचे क्रमांक दहाव्याशी जुळणार नाहीत.' लिहिण्याआधी नव्या आवृत्तीची प्रत वाचनालयात मिळाली तर एखादं प्रकरण शेजारी ठेवून पाहावं. पाच मिनिटांत कळतं. फक्त पहिलं प्रकरण तपासू नका, मधलं एखादं घ्या. बदल बहुतेकदा पुढे झालेले असतात आणि पहिलं प्रकरण जसंच्या तसं राहिलेलं असतं.

या सगळ्या गुंत्यावर छापणाऱ्यांनीच एक गाठ मारून ठेवली आहे, ती म्हणजे मागच्या मुखपृष्ठावर बारकोडपाशी असलेला आयएसबीएन क्रमांक. नवी आवृत्ती आली की नवा क्रमांक. कडक बांधणी आणि कागदी बांधणी यांचे क्रमांक वेगळे. साधं रूप, एक्स्टेंडेड रूप, पहिला खंड, दुसरा खंड, सगळ्यांचे वेगळे. पण नुसतं पुनर्मुद्रण झालं तर क्रमांक तोच राहतो. म्हणजे विद्यार्थ्याला ज्या फरकाशी कर्तव्य आहे तो फरक या क्रमांकात असतो आणि ज्याच्याशी नाही तो नसतो. २००७ सालापासून हा क्रमांक १३ अंकी आहे, त्याआधी १० अंकी होता. तेव्हा जुन्या पुस्तकावर दहाच अंक दिसले तर घाबरू नये, आणि शेवटी X असलं तर ती छपाईची चूक नसून 'दहा' या किमतीची खूण आहे.

आमच्या हॅलिडे-रेस्निक-वॉकरच्या एक्स्टेंडेड दहाव्या आवृत्तीचा क्रमांक आहे `9781118230725`. यातला शेवटचा 5 हा राखणदार आहे. अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. पहिल्या बारा अंकांची बेरीज येते ७५, शेवटचा ५ मिळवला की ८०. बेरीज दहाच्या पटीत आली म्हणजे क्रमांक सुसंगत. एखादा अंक चुकीचा टाइप झाला तर बेरीज फिसकटते आणि चूक पकडली जाते.

पण राखणदाराला एका बाजूने दिसत नाही. शेजारच्या दोन अंकांत पाचचा फरक असेल आणि ते उलटसुलट झाले तर बेरीज बरोबर दहाने सरकते आणि चूक निसटते. नेमकी याच क्रमांकात तशी जोडी आहे, शेवटून तिसरा आणि दुसरा, 7 आणि 2. घाईत कोणी `9781118230275` लिहिलं तरी हिशेब नव्वदला बरोबर बसतो आणि क्रमांक मात्र दुसराच होतो. त्यामुळे क्रमांक लिहिल्यावर तोच शोधाच्या चौकटीत टाकून आपलंच पुस्तक समोर येतं का ते पाहावं. आणि बारकोडचा फोटो लावावाच, यंत्रासाठी नाही तरी घेणाऱ्याच्या डोळ्यांसाठी.

एवढं असूनही आयएसबीएन कोर्सच्या नावाची जागा घेत नाही. तेरा अंक टाकून शोधणाऱ्याला पुस्तक आधीच ठाऊक असतं. कोर्सचं नाव माणसाला पुस्तकाच्या दारापर्यंत आणतं, क्रमांक दारावर पाटी बरोबर आहे का ते सांगतो.

राहिली अवस्था. 'कंडिशन उत्तम' हे दोन शब्द मी यादीतून काढूनच टाकायचो. जुन्या पुस्तकांच्या व्यापारातही अवस्थेचे ठरीव शब्द असतात, आणि इंग्रजीत तिथे 'गुड' म्हणजे बऱ्यापैकी वापरलेली, झिजलेली प्रत. बाहेरच्या माणसाला हा शब्द ऐकून वेगळंच चित्र दिसतं. विशेषणाऐवजी जे दिसतं ते लिहावं. पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत कोपरे दुमडले आहेत का याला फारसं महत्त्व नाही. महत्त्व आहे ते लिखाणाला. समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा पुसता येतात. हायलायटर कायमचा. आणि गणितांच्या शेजारीच उत्तरं लिहिलेली असतील तर ते पुस्तक सरावासाठी जवळजवळ वाया गेलेलं, दिसायला कितीही कोरं असो. कोणत्या प्रकरणांत लिखाण आहे ते सांगितलं तर घेणाऱ्याला ठरवता येतं की ती प्रकरणं आपल्या कोर्सची आहेत का.

पानं पूर्ण आहेत का हे मोजायची एक सोपी युक्ती आहे. पुस्तक सुट्या पानांचं नसतं, फर्म्यांचं असतं. एक मोठा कागद छापून, घड्या घालून सोळा किंवा बत्तीस पानांचा एक गठ्ठा होतो आणि असे गठ्ठे एकत्र बांधतात. बांधताना गफलत झाली की एक पान नाही, आख्खा फर्मा गळतो किंवा दोनदा लागतो. म्हणून प्रत्येक पान उलटत बसण्यापेक्षा दर दहाबारा पानांनी क्रमांक पाहत गेलं तरी असं भोक सापडतं. ओघळलेल्या पाण्याचा डाग आणि कुबट वास हे दोन्ही आवर्जून लिहावेत. वास फोटोत येत नाही आणि बुरशी शेजारच्या पुस्तकांना लागते. सोबत ऑनलाइन गृहपाठाचा कोड होता का, तेही सांगावं. असे कोड बहुतेक एकदाच वापरता येतात, त्यामुळे खरवडलेल्या पट्टीचं पाकीट 'कोडसहित' म्हणून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

हे सगळं एकत्र करून त्या विकणाऱ्याची जाहिरात मी नंतर अशी लिहिली:

```
ऑप्टिक्स / वेव्हज / Optics – Halliday Resnick Walker, 10th ed.
PHY 202, PHY202 (गेल्या वर्षी लावलेलं) : प्रकरणं 15–17, 33–36
पुस्तक: Fundamentals of Physics, Extended (44 प्रकरणं, एकच खंड)
ISBN 9781118230725
अवस्था: पानं पूर्ण. प्रकरण 1–6 मध्ये पिवळा हायलायटर.
33 नंतर लिखाण नाही. कणा वरून दोन बोटं फाटलेला. कोड नाही.
```

पहिल्या ओळीत विषय आधी आणि लेखक नंतर, याला कारण आहे. फोनच्या पडद्यावर यादी पाहताना शीर्षकाचे पहिले काही शब्दच दिसतात, बाकीचं तीन टिंबांत जातं. 'विकणे आहे', 'अर्जंट', 'नमस्कार मित्रांनो' यांनी ती जागा खाल्ली तर पुस्तकाला जागा उरत नाही. फाटलेला कणा शेवटी लिहिला असला तरी त्याचा फोटो मी दुसऱ्या क्रमांकावर लावला, पहिला मुखपृष्ठाचा, तिसरा कॉपीराइटच्या पानाचा, चौथा बारकोडचा.

विकणारा कुरकुरला. फाटलेलं दाखवलं तर घेणार कोण, म्हणाला. संध्याकाळी त्याला दोन फोन आले. एक त्या मुलीचा होता. दुसऱ्याला मॉडर्न फिजिक्ससाठी हवं होतं, `Extended` हा शब्द टाकून त्याने शोधलं होतं. पुस्तक मुलीला गेलं, आणि जाहिरात काढायला विकणारा विसरला. पुढचा आठवडाभर त्याचा फोन वाजत होता, आणि दर वेळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन माझ्याकडे नुसता बघायचा. तेव्हापासून यादीत मी प्रत्येक जाहिरातीसमोर तारखेचा एक रकाना घातला. तीस दिवस झाले आणि विकणाऱ्याने 'अजून आहे' असं कळवलं नाही, की ओळ आपोआप खाली जायची.